फोन ठेवू नका

कॉल सेंटरच्या ऑपरेटरांनी फोनवर बोलायच्या सलगीच्या इंग्रजी ओळी आम्ही दोघी सौसरच्या ऑफिसात बसून अदबीच्या मराठीत आणायचो. ‘हँग टाइट’, म्हणजे ‘थांब जरा’, यासाठी मी लिहिलं, ‘कृपया प्रतीक्षा करावी.’ पांढुर्ण्याच्या माझ्या जोडीदारणीनं लिहिलं, ‘आपण फोन ठेवू नका, मी पाहून लगेच सांगते.’ साहेबांना तिचंच आवडलं. माझा नुसता जळफळाट! मी हट्टानं चाचणी मागितली आणि मोहगावचा बाबांचा नंबर दिला. ऑपरेटरनं माझं वाक्य वाचताच बाबांनी फोन कापला. पुन्हा लावून तिचं वाचलं, तर म्हणाले, “थांबतो ना बाई, सावकाश पाहा.”

संध्याकाळी घरी बाबा सांगत होते, “आज एक पोरगी किती आदरानं बोलून राहिली होती! तू बोलली का कधी माझ्याशी तशी?”