गृहपालांमार्फत अर्ज

अमरावतीच्या सरकारी वसतिगृहात मी तीन वर्षं राहिले. आमच्या मेसमध्ये भिंतीवर एक पांढरा फळा होता, त्याची आठवण झाली की आजही डोकं फिरतं. तिसरी पोळी मागणाऱ्या मुलीचं नाव वाढणारी बाई त्यावर लिहायची आणि संध्याकाळच्या हजेरीला गृहपाल मॅडम ती यादी सगळ्यांसमोर वाचायच्या. प्रत्येक नावाला शेपूटही जोडायच्या. माझे आईवडील हिवरखेडला भाजीपाला पिकवतात, म्हणून माझ्या नावाला जोडलेलं असायचं, 'घरी देठं खायची सवय, इथे आली की तुटून पडते.' पोरी हसायच्या. सांगायला लाज वाटते, पण दुसरीचं नाव आलं की मीही हसायचे.

माझी रूममेट बार्शीटाकळीची. तिनं रात्रीचं जेवणच सोडलं. एक दिवस प्रॅक्टिकलमध्ये चक्कर येऊन पडली, तेव्हा माझं हसू थांबलं.

आम्ही अकरा जणींनी अर्ज केला. अक्षर चांगलं म्हणून रूममेटनं लिहिला आणि पहिली सहीही तिचीच. सुट्टी हवी असो की खोलीतला दिवा गेलेला असो, आमचा प्रत्येक अर्ज 'मार्फत, मा. गृहपाल' असाच जायचा. हाही तसाच लिहिला आणि मॅडमच्याच टेबलावर नेऊन ठेवला. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनीच ती वर पाठवावी! एवढ्या शिकलेल्या अकरा डोक्यांपैकी एकातही हे आलं नाही.

त्याच दुपारी मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. मी दारात उभी होते. मॅडमनी तिच्या वडिलांना फोन लावून मुलीची लक्षणं ठीक नाहीत, घेऊन जा, असं सांगितलं. मग तिला कागद दिला आणि एकेक शब्द सांगून लिहून घेतलं, 'मी घरगुती कारणामुळे स्वखुशीने वसतिगृह सोडत आहे.' दुसऱ्या दिवशी वडील आले, तिची पेटी उचलली आणि तिला घेऊन निघाले. परीक्षा दीड महिन्यावर होती.

फळ्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. तो इंस्टाग्रामवर टाकायला निघाले, तर कॉलेजात कायदा शिकवणाऱ्या मॅडमनी अडवलं. त्यावर मुलींची नावं आहेत, आता साऱ्या वऱ्हाडाला हसायला देतेस का, असं त्यांनी विचारलं. राग आला, पण त्यांचं खरं होतं. त्यांनी आधी लिहायला लावलं. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत, समोर कोण होतं. स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच. प्रत्येकीनं आपलं आपण लिहायचं, एकमेकींचं बघून नाही. खोल्यांची झडती व्हायची, म्हणून वह्या वसतिगृहात ठेवायच्या नाहीत. मूळ फोटो तसाच जपायचा, तक्रारीला लावायच्या प्रतीत नावं झाकायची. आणि घरी आपणच आधी फोन करायचा, म्हणजे गृहपाल मॅडमच्या फोननं कुणाचे वडील पेटी उचलायला येणार नाहीत.

नव्या अर्जावर सह्या गोलाकार केल्या, पहिली कुणाचीच नको म्हणून. आमची नावं गृहपालांना कळू देऊ नयेत आणि जबाब त्यांच्या माघारी घ्यावेत, असं शेवटी लिहिलं. वसतिगृह ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत होतं, तिथे मी स्वतः गेले. बाबू म्हणाले, गृहपालांमार्फत आणा.

"साहेब, तक्रार त्यायचीच हाय," मी म्हटलं. "त्यायच्या मार्फत कशी आनू?"

त्यांनी अर्ज वाचला, आवक नोंदवली आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. पुढे दहा दिवस काही हललं नाही. मग तोच आवक क्रमांक घालून स्मरणपत्र दिलं, तेव्हा कुठे चौकशी अधिकारी बाई आल्या.

त्यांनी आम्हाला कॉलेजच्या एका खोलीत एकेकीला बोलावलं. माझा जबाब आधी झाला होता, म्हणून रूममेटच्या विनंतीवरून तिच्याजवळ बसू दिलं. तिचे वडीलही होते. बाईंनी तो स्वखुशीचा कागद पुढे ठेवला. वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, हे तर तिचंच अक्षर.

"अक्षर माहं हाय," ती म्हणाली. "शब्द त्यायचे हायेत."

बाईंनी माझ्या वहीतलं त्या दुपारचं पान मोठ्यानं वाचलं. फोन, कागद, ते वाक्य, सगळं होतं. वडिलांनी पुढ्यातला कागद बाजूला सारला.

"मले फोनवर अलगच सांगतलं होतं," ते लेकीला म्हणाले. "अन् म्या तुले इचारलं बी नाई."

तिचा वसतिगृहातला प्रवेश कायम राहिला आणि चौकशी पुरी होईपर्यंत गृहपाल मॅडमकडचा कारभार काढून घेतला गेला. फळा उतरला. ती परीक्षेलाही बसली. पण मधले तेवीस दिवस बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलले नव्हते. ते तेवीस दिवस भरून द्यायला कोणाकडे अर्ज करायचा होता?