सदतीस नाही, म्हणून चौसष्टही नाही

गणिताच्या बाईंचं खरं नाव शाळेत कोणाला आठवत नसे. मुलं त्यांना वजाबाई म्हणत, कारण बाई गुण देत नसत, वजा करत. उत्तर बरोबर पण पायरी गाळली, एक वजा. पायरी आहे पण अक्षर गिचमिड, अर्धा वजा. हे नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. घरीही तोच खाक्या. वहिनीने हौसेने साडी आणली तर "रंग बरा आहे, काठ वजा," म्हणून त्या मोकळ्या. वहिनी म्हणायची, "वन्सं, एकदा तरी कोणाला पैकीच्या पैकी द्या हो." बाई म्हणायच्या, "लायक माणूस भेटू दे आधी."

हेडसर तर बाईंच्या लेखी शून्याच्याही खाली होते. एके दिवशी ते फोन नाचवत शिक्षकांच्या खोलीत आले. चेहरा असा, की आत्ताच यांनी काहीतरी शोधून काढलंय.

"बाई, एक ते शंभरची बेरीज पाच सेकंदांत! पहिला आणि शेवटचा धरायचा, बस्स!"

"सर, सव्वीस वर्षं तेच शिकवतेय मी."

"तुम्ही फळ्यावर शिकवता. आपण मैदानावर करू. पुढच्या महिन्यात साहेब तपासणीला येतायत, उपक्रम दिसायला हवा ना!"

शाळेत पिण्याच्या पाण्याचे चार नळ, त्यातले तीन कोरडे. पण उपक्रम दिसायला हवा. शंभर मुलांच्या गळ्यात शंभर पाट्या अडकवायच्या. एक ते पन्नास एका रांगेत. समोरच्या रांगेत उलट्या क्रमाने शंभर ते एक्कावन्न. म्हणजे एकसमोर शंभर, दोनसमोर नव्व्याण्णव, असं करत पन्नाससमोर एक्कावन्न. जोडीने हात मिळवून ओरडायचं, "एकशे एक!" शेवटी सगळ्यांनी मिळून, "पाच हजार पन्नास!" बाईंनी नाक मुरडलं. त्या ओरडण्यात गणित किती आणि घसा किती, हे त्यांना चांगलं कळत होतं.

पण त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. गणितात कच्च्या मुलांसाठी बाई शाळा सुटल्यावर जादा तास घेत, आणि हेडसरांना तो डोळ्यांत खुपत होता. "वर्ग उघडा ठेवावा लागतो, शिपाई अडकून पडतो. साहेब खूश झाले तर बघू, नाहीतर वर्षअखेरीला बंद," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. त्या तासाला अकरा मुलं यायची. त्यांना दुसरं कोणी शिकवणार नव्हतं, आणि बाई हे सोडून बाकी सगळं सोडायला तयार होत्या.

त्या अकरांत सातवीतली एक थोराड मुलगी होती. गणितात आजवर ती कधी पास झाली नव्हती, आणि कुठल्याही कार्यक्रमात तिला कोणी घेतलं नव्हतं. बाईंनी तिला चौसष्टची पाटी दिली. इतर मुलं दोन दिवसांत पोपटासारखी घोकून तयार झाली. ही मात्र जादा तासाला आकड्यांच्या चिठ्ठ्या पसरून बसली.

"बाई, दर वेळी एकशे एकच कसं येतं?"

"या टोकाकडून पुढे सरकलीस की आकडा एकाने वाढतो. त्या टोकाकडून मागे आलीस की एकाने कमी होतो. मग बेरीज हलेल कशी?"

तिने सगळ्या पन्नास जोड्या लावून पाहिल्या. त्यात पाऊण तास गेला. मग म्हणाली, "म्हणजे मला सदतीसच लागणार. दुसरं कोणी चालणारच नाही."

"नाही चालणार."

"आणि पन्नास वेळा एकशे एक, म्हणून पाच हजार पन्नास." ती इतकी हसली की बाईंना काहीही वजा करावंसं वाटलं नाही. तसं त्यांनी तोंडाने सांगितलं मात्र नाही.

तपासणीच्या सकाळी सदतीस आलाच नाही. गालगुंड. त्याच्या आईने निरोप पाठवला. हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं, पण ते क्षणभरच. लगेच त्यांनी अकलेचे तारे तोडले.

"चौसष्टलाही काढा. रांगा जवळ घ्या. कोणाला कळतंय?"

"सर, उत्तर बदलतं."

"उत्तर पाठ आहे त्यांचं! बाई, जादा तास हवाय ना तुम्हाला?"

चौसष्टने कडक इस्त्री केलेला गणवेश घातला होता, वेण्यांना नव्या फिती होत्या. तिने पाटी गळ्यातून काढून बाईंच्या हातात दिली आणि वर्गात जाऊन बसली. रडली नाही. बाईंना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

साहेब आले, खुर्चीत बसले, रुमालाने कपाळ पुसत राहिले. जोड्या एकामागून एक ओरडत गेल्या. छत्तीस आणि पासष्ट, एकशे एक! अडतीस आणि त्रेसष्ट, एकशे एक! मधला खड्डा कोणाच्या नजरेत आला नाही. "जोड्या किती?" हेडसरांनी ठसक्यात विचारलं. "पन्नास!" एकोणपन्नास जोड्या छाती काढून ओरडल्या. "बेरीज?" "पाच हजार पन्नास!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मनात त्यांचे दहापैकी दहा वजा केले, हेडसरांचे शंभरपैकी शंभर, आणि मूग गिळून उभ्या राहिल्या.

मग सगळे चहाला गेले आणि बाई वर्गाकडे वळल्या. मुलीची समजूत कशी घालायची हे त्यांनी जिन्यात ठरवलंही होतं. पण वर्गात फळा भरलेला होता. एकोणपन्नास गुणिले एकशे एक, ऐसपैस मांडलेला गुणाकार, हातच्यासकट, एकही पायरी न गाळता. खाली उत्तर, चार हजार नऊशे एकोणपन्नास. त्याच्या खाली तिने एकशे एक मिळवून ताळाही पाहिला होता. पाच हजार पन्नास.

"बाई, खिडकीतून मोजल्या मी. एकोणपन्नासच होत्या," ती म्हणाली. "ते चुकीचं ओरडले. त्यांना नसेल कळलं. पण तुम्हाला तर कळलं होतं ना?"

सव्वीस वर्षं जगाचे गुण कापत आलेल्या या बाईला आज पहिल्यांदा स्वतःची वही समोर दिसली, आणि ती हेडसरांच्या वहीइतकीच कोरी होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "भ्याले मी. माझे सगळे गुण वजा."

बाईंनी चौसष्टची पाटी तिच्या गळ्यात घातली. सदतीसची टेबलावर पडली होती, ती स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि तिचा हात धरून थेट हेडसरांच्या खोलीत गेल्या. साहेबांच्या हातात बिस्कीट होतं, समोर अर्धा लिहिलेला शेरा.

हेडसर दारापाशी धावले. "बाई, आत आलात तर उद्यापासून तास बंद," ते दातओठ खाऊन पुटपुटले.

"बंद म्हणजे तुमचा वर्ग बंद. जिन्याखाली अकरा मुलं मावतात." मग साहेबांकडे वळून बाई म्हणाल्या, "साहेब, मघाची बेरीज चुकीची होती. ही सदतीस-चौसष्टची जोडी बाहेर राहिली होती." आणि त्यांनी मुलीचा हात सोडला. "सांग ग. सगळ्या पायऱ्यांसकट."