बापाला ओळखतो, बायकोला नाही

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला नांदेडहून तिथं धाडलं. दवाखान्यावर जिल्ह्याची पाटी चढली होती, आत मात्र सगळं होतं तेच होतं. माझ्या खोलीत एक टेबल, एक आरसा आणि भिंतीला टेकवलेली शिडी. मी फिजिओथेरपिस्ट, पण हा शब्द कोण उच्चारणार? सगळे मला व्यायामवाली ताई म्हणायचे. दुष्काळाचं वर्ष. टँकरच्या मागं अख्खी गल्ली पळायची, आणि मला बसल्या जागी करमत नव्हतं. बदलीचा अर्ज मी महिन्यात दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला.

त्या दिवसांत उदगीरचा एक कापड दुकानदार पुरुषांच्या वॉर्डात आला. चाळिशीच्या आतला, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, बोलायला मऊ. दुकानात कापड मोजता मोजता कोसळला होता, तिथूनच जीपनं थेट लातूरला आणला. उजवा हात दोन दिवस लुळा होता, मग ताकद परत आली. हृदयाची झडप जुनी खराब, तिथून सुटलेल्या गुठळ्या मेंदूत दोन-तीन ठिकाणी अडकल्या असाव्यात, असं आमचे डॉक्टर म्हणाले. मेंदूचा फोटो काढायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. जे कळायचं ते माणसाकडं बघूनच.

मी त्याला माझी बोटं दाबायला सांगितली, तर त्यानं चेचलीच. मग म्हटलं, नमस्कार करून दाखवा. एक हात कानापाशी गेला, दुसरा हवेत राहिला आणि तो स्वतःच चक्रावून हातांकडं बघत बसला. तेवढ्यात कुणी पाहुणा आला, तर ‘शरणार्थ’ म्हणत दोन्ही हात आपसूक जुळले. फणी हातात दिली. चाचपून म्हणाला, फणी हाय. विंचरा म्हटलं तर गालावर दाबून धरली. किल्ली समोर धरली तर लांबट हाय, चकाकते, एवढंच सांगायचा. तीच मुठीत दिली की लगेच, ‘ही किल्ली’. डोळे धड, हात धड, पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातानं करायचं यांचा आतला धागाच तुटला होता.

हे घरच्यांना कसं पटावं? सोबतीला त्याचे वडील होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पांढरा रुमाल बांधलेले, भारदस्त आवाजाचे, सतत काहीतरी बोलत राहणारे गृहस्थ. मला म्हणाले, सोंग करून राहिला का हा? मी सांगितलं, सोंग नाही, मेंदूचा आजार आहे. पण खरं सांगते, मला स्वतःलाच शंका खात होती. कारण होतं त्याची बायको.

ती लातुरात नातेवाइकांकडं उतरली होती, रोज भेटीच्या वेळेला यायची. कपाळापर्यंत पदर, हातात डबा. खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची. आणि हा मऊ माणूस तिला बघून अंग चोरायचा. ‘ही बाई कोण? रोज काऊन येते? हिला जायला सांगा.’ ती काहीच बोलायची नाही. डबा सासऱ्याच्या हाती द्यायची आणि भिंतीकडं तोंड करून डोळे पुसायची.

मी एकदा त्याला चिडून विचारलं, तुम्हाला हिचं तोंड दिसत नाही का? तो म्हणाला, ‘नाक, डोळे, कुंकू समदं दिसतंय ताई. पण कोण हाय ते कळंना.’

चेहरा न ओळखण्याचा आजार मी पुस्तकात वाचला होता. पण अप्पांना तर तो पटकन ओळखायचा! अप्पा दारातून आले की, ‘या अप्पा’. मलाही ओळखायचा. मग एकट्या बायकोलाच कसा विसरतो? मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला, की नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय. घरच्यांनी त्याहून भयंकर लावला. बापाला ओळखतो, बायकोला नाही, म्हणजे तिनंच भानामती केली. अप्पांनी बिलोलीला तिच्या भावाला निरोप धाडला, बहिणीला घेऊन जा. पुन्हा नांदवायची नाही, हे त्यांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात शांतपणे सांगितलं. मी काय केलं? माझ्या कामाचं नाही म्हणून खोलीत जाऊन बसले. आजही त्याची लाज वाटते.

भाऊ यायचा त्या सकाळी मी वॉर्डात लवकर गेले. अप्पा तांब्याभर पाण्यात अंग पुसून, उघड्या डोक्यानं, शेजारच्या रिकाम्या खाटेवर लिंगपूजेला बसले होते. डाव्या तळहातावरचं लिंग डोळ्यांसमोर, कपाळाला भस्म, ओठ मिटलेले. पूजा होईपर्यंत ते अवाक्षर बोलत नसत. त्यांचा पोरगा खाटेवरून त्यांच्याकडं टक लावून बघत होता. मला पांढऱ्या कोटात बघून हळूच म्हणाला, ‘ताई, हे कोण बुवा येऊन बसलेत?’

म्हणजे हा माणूस चेहरा कुणाचाच ओळखत नव्हता! अप्पांना आवाजावरून ओळखायचा, रुमालावरून ओळखायचा, मला कोटावरून. आणि ती बिचारी? सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. आणि भेटीच्या वेळेला सासरा खाटेपासून हलत नव्हता. आवाज सोडून बाकी सगळं ती रोज घेऊन येत होती. आणि मी गाढव, नऊ दिवस तपासत होते, पण तिचा आवाज मी तरी कुठं ऐकला होता?

अप्पांची पूजा उरकेपर्यंत मी तिथंच येरझाऱ्या घातल्या. उरकताच त्यांना बाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांना पटेना. म्हणाले, बारा वर्षांत सून माझ्यासमोर त्याच्याशी बोलली नाही, आता परक्या लोकांत बोलायला लावू? तोवर ती आली. मागं तिचा भाऊ, हातात रिकामी पिशवी.

मी हट्टालाच पेटले. म्हटलं, अप्पा, तुम्ही असेच उघड्या डोक्यानं आत या, तोंड मिटून त्याच्यासमोर उभे राहा. एवढंच करा, मग पाठवा तिला कुठं पाठवायचं ते.

ते आले. खाटेसमोर उभे राहिले. पोरानं खालीवर पाहिलं आणि अदबीनं विचारलं, ‘कोण पाहिजे तुम्हाला?’

अप्पांचा चेहरा मला बघवला नाही. ‘अप्पा’ म्हणून त्यानं हाक मारावी म्हणून वाट बघत होते बहुतेक. मग वळले, सुनेपाशी गेले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, ‘बोल माय. मी हाय म्हणून गप राहू नको.’

तिनं भावाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पदर सावरला. आवाज इतका बारीक निघाला की मीच पुढं वाकले.

‘अवो, भाकर खाल्ली का?’

त्यानं मान झटक्यात वर केली. तिच्या तोंडाकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग तोंडाचा नाद सोडला आणि डोळे मिटून आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला.

‘आलीस व्हय?’ तो रडायला लागला. ‘इतके दिवस कुठं हुतीस?’

‘हितंच,’ ती म्हणाली. ‘हितंच हुते की.’