हाडाच्या मागची काळी पट्टी

कर्जत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या त्या छोट्या दवाखान्यात पोपटकाका एकतीस वर्षं एक्स-रे काढतायत. मालक दोनदा बदलले, यंत्रं तीनदा बदलली. काका आणि त्यांचं स्टूल तेवढं तेच राहिलं.

आता फोटो क्षणात पडद्यावर उमटतो, याचं काकांना कौतुक आहे आणि थोडं दुःखही. पूर्वी लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म औषधात बुडवायची, आणि पाण्यातून मासा वर यावा तसं हाड हळूहळू वर यायचं. शर्टाला त्या औषधाचा आंबूस वास कायमचा बसलेला. "तुमच्या शेजारी झोपलं की दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटतं," असं त्यांची बायको म्हणायची. त्या काळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी ओली फिल्म हातात धरून त्यांना शिकवलं होतं, "पोपट, हाडाकडे सगळेच बघतात. तू हाडाच्या मागे बघ."

तर एका सकाळी कडाव गावच्या गौराबाई सहा वर्षांच्या नातीला, हर्षलाला, घेऊन आल्या. पोरगी आदल्या संध्याकाळी शाळेच्या घसरगुंडीवरून हातावर पडली होती. कोपर सुजलेलं, हात पोटाशी धरलेला.

"फोटू काढा लवकर," गौराबाई म्हणाल्या. "हाड मोडलं नसंल तर बायजाकडं न्यायची हाय. तेल कोमट करून बसलीय ती. दोन दिस चोळलं की हात मोकळा."

गावात हीच रीत. फोटोत हाड धड दिसलं की पुढचं काम चोळणाऱ्या बाईचं.

काकांनी फोटो काढले. हर्षला रडत होती, आजी जवळ हवीच होती, म्हणून गौराबाईंना जाड संरक्षक एप्रन चढवलेला. "एवढं वजन लग्नातल्या शालूचं पण नव्हतं वो," त्या कुरकुरल्या. त्या गडबडीत बाजूने घेतलेल्या फोटोत हात जरा कलला.

डॉक्टर सुप्रिया नव्या, हुशार, घाईत. पडदा बघून म्हणाल्या, "हाडं नीट दिसतायत. फ्रॅक्चर नाही."

गौराबाईंनी लगेच नातीची चप्पल शोधायला घेतली.

काका जागचे हलले नाहीत. निदान सांगणं त्यांचं काम नव्हे, हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर पोशीर गावचा धनेश आला. वीस वर्षांपूर्वी असाच फोटो, असंच "काही नाही", मग महिनाभर चोळणं. त्याचा हात पुन्हा कधी पुरता सरळ झाला नाही. बाजारात भेटला की तो अजून काकांना वाकड्या हाताने नमस्कार करतो, आणि काका भाजी बघायला लागतात.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "बाजूचा फोटो माझ्याकडून तिरपा आलाय. कोपराशी हाडाची दोन टोकं एकावर एक दिसायला हवीत, तशी बसली नाहीत. एकदा सरळ घेऊ?"

सुप्रियांनी पुन्हा पाहिलं. "खरंच की. घ्या."

काकांनी या वेळी हर्षलाला बुटक्या स्टुलावर बसवलं, म्हणजे खांदा आणि कोपर टेबलाच्या पातळीत आले. कोपर काटकोनात, अंगठा आभाळाकडे. "अंगठा दाखव बघू. बढाई मारतात तसा." पोरगी रडता रडता हसली आणि क्षणभर स्थिर राहिली. तेवढा क्षण पुरला.

पडद्यावर हाडं तशीच शहाण्यासारखी उभी. पण दंडाच्या हाडामागे, खालच्या टोकाला, एक काळसर पट्टी डोकावत होती. पुढच्या बाजूची चरबीही होडीच्या शिडासारखी वर उचललेली.  काकांनी फक्त खुर्ची मागे सरकवून मॅडमना जागा करून दिली.

सुप्रिया वाकून बघत राहिल्या. मग गौराबाईंना जवळ बोलावलं.

"आजी, ही काळी पट्टी म्हणजे चरबी. एरवी ती हाडाच्या खळग्यात लपलेली असते, फोटोत दिसत नाही. आत रक्त साचलं की ती बाहेर ढकलली जाते. लहान मुलाच्या बाबतीत पडल्यावर ती दिसली, तर बारीक तडा आहे असंच धरायचं."

"पन तडा कुठं हाय? मला तर दिसत नाय."

"मलाही नाही दिसत. म्हणून तर चोळायचं नाही. अर्धं प्लास्टर, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो."

"दिसत नाय त्याला पलिस्तर?" गौराबाई काकांकडे वळल्या. "तुमी सांगा वो. तुमी जुने."

काकांना अंधारी खोली आठवली, ओली फिल्म आठवली. "मावशी," ते म्हणाले, "माझी नात असती तर मी कुणाला हात लावू दिला नसता."

 गौराबाईंनी हातातली चप्पल खाली ठेवली. "बरं. पन बायजाला तोंड दाखवायचं मलाच हाय."

तीन आठवड्यांनी नव्या फोटोत दंडाच्या हाडाला खाली पांढरी नवी रेघ धरली होती. लपलेला तडा भरून येत होता. प्लास्टर निघालं. हात अजून आखडलेला, पण तो खेळता खेळता आपोआप सुटेल, चोळायचा नाही, असं सुप्रियांनी बजावलं. चोळायची सवय जाईना म्हणून गौराबाईंनी आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून धरले.

काका दारापर्यंत सोडायला आले. रिक्षात चढताना दांडी धरायला हर्षलाने तोच हात पुढे केला. पुरता सरळ झाला नाही, पण पोचला.