बिल्डर काही पलटणीत नव्हता

मालक सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा पेन्शनबरोबर आलेली एकरकमी रक्कम आम्ही लेकीच्या मेडिकलच्या फीसाठी राखली. ती कमी पडली असती तर पोरीचं शिक्षण अर्ध्यात राहिलं असतं. अशात यांच्या पलटणीतले एक मित्र साताऱ्याला आमच्या घरी आले. आता ते म्युच्युअल फंड विकतात.

"वैनी, डेट फंड हाय, म्हंजी कंपन्यांना, सरकारला कर्जानं पैसा देणारा. शेअरबाजाराची भानगडच न्हाई. आन् परतावा बगा, बाकीच्या फंडांपेक्षा लय जास्त!"

मालक लगेच सहीला तयार. पलटणीतला माणूस सांगतोय म्हटल्यावर उलट विचारायचं नाही, हा यांचा कायदा! माझं डोकंच फिरलं. इस्लामपुरात पतसंस्थेच्या कर्जविभागात माझी सगळी नोकरी झाली. जास्त व्याज कोण कबूल करतो? ज्याला कमी व्याजात कुणी दारात उभं करत नाही, तो.

"भावजी, या फंडानं आपला पैसा कुणाला दिलाय? म्हैन्याचं पत्रक उघडा."

त्यांनी मोबाईलवर उघडलं. सरकारी रोखे नावालाच. ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरच्या पतदर्जाच्या कंपन्या थोड्या, बाकी सगळा भरणा डबल ए आणि त्याखालच्यांचा. त्यात तीन कंपन्या एकाच बिल्डरच्या! मग तेवढ्याच मुदतीच्या दुसऱ्या फंडाचं पत्रक उघडायला लावलं. तिथं परतावा कमी, पण पैसा सरकारकडे आणि ट्रिपल ए कंपन्यांकडे.

"ह्यो जो वरचा परतावा हाय, तो ह्या कच्च्या कंपन्यांनी फेडलं तरच मिळणार. आन् ह्यो जोखमीचा तक्ता बगा. पतजोखीम, म्हंजी कर्ज बुडायची भीती, सगळ्यात वरची, हे फंडवाल्यांनीच छापलंय."

"पर एवढ्या मोठ्या बँकेचा फंड हाय, वैनी."

"बँकेचं नाव हाय. हमी न्हाई."

मालक भडकले. "माज्या दोस्तावर संशय घेतीस?"

"दोस्तावर न्हाई, त्या बिल्डरवर. तो कुटं तुमच्या पलटणीत हुता?"

भावजीच आधी हसले. मालक मात्र दोन दिवस फुगून बसले. बसा म्हटलं! फीचा पैसा मी बँकेच्या ठेवींत आणि त्या कमी परताव्याच्या फंडात घातला.

पुढच्या वर्षी बिल्डरनं व्याज चुकवलं. रोख्यांचा दर्जा घसरला, फंडाचा भाव एका दिवसात आपटला. फंडवाल्यांनी बुडीत रोखे वेगळे काढून ठेवले आणि गुंतवणाऱ्यांचा तेवढा पैसा अडकला. तसं होणारच होतं असं मी म्हणत नाही. पण झालं! भावजींचेही थोडे त्यात होते, त्याचं वाईट वाटलं. तरी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरात ताठ मानेनं फिरत होते.

त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. मालकांनी ती वेळेत भरली आणि कॉलेजातनंच मला फोन केला.

"भरली बग. तू आडवी आली नसतीस तर आज पोरीला घरी घिऊन यायला लागलं असतं."