नाव नसलेल्या पुड्या

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात त्या दुपारी व्याख्यान होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई बोलणार होत्या. विषय, घेत असलेल्या गोळ्या आणि जडीबुटीची यादी लिहून ठेवणं. मी पंचायत समितीतली नोकरी संपवून कळमनुरीतच राहिलो होतो. त्या दिवशी जवळच्या तांड्यावरचा माझा जुना दोस्त बाजाराला आला होता, त्यालाही सोबत घेऊन गेलो.

त्याचे गुडघे वर्षानुवर्षं दुखायचे. बाजारात चादर टाकून बसणाऱ्या एका माणसाकडून तो पांढऱ्या चूर्णाच्या पुड्या घ्यायचा. दुखणं थांबलं होतं. चेहराही गोल भरला होता, त्यामुळं पुडी मानवली असंच सगळ्यांना वाटे. हातावर मात्र जरा कुठं लागलं की काळेनिळे डाग पडायचे. सरकारी दवाखान्यातल्या बीपीच्या गोळ्याही तो बराबर घ्यायचा. डॉक्टरला पुडीचं सांगितलं का, असं एकदा विचारलं तर म्हणाला, ते कुठं औषध हाय, पाला हाय.

बाईंनी फळ्यावर रकाने आखले. नाव, किती, केव्हापासून, कशासाठी, कुणी दिलं. काढा, चूर्ण, लेप, सगळं त्यात आलं पाहिजे, त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान भजनात गायचे. गळ्यासाठी दिवसभर ज्येष्ठमध चघळायचे आणि हृदयाची व लघवीची गोळीही चालू होती. ज्येष्ठमधानं अंगातलं पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे यजमान गेल्यावर बाईंना कळलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दोन्ही गोळ्यांची नावं बाईंनीच सांगितली होती, ज्येष्ठमध आठवलंच नव्हतं.

माझा दोस्त उठून म्हणाला, "पुडीवर नावच नसतंय बाई. काय लिवावं?"

"नाव माहीत नाही, असंच लिहा. पुडी सोबत न्या. दुखणं झटक्यात थांबवणाऱ्या पुड्यांमध्ये कधी कधी जहाल गोळ्या कुटून घातलेल्या असतात."

तो खाली बसला. थोड्या वेळानं तांड्याकडं जाणारी जीप सुटायची म्हणून उठला. तो गेल्यावर बाईंनी पुढचं सांगितलं. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर मनानं एकदम बंद करायची नाही. आधी डॉक्टरला दाखवायची, ते हळूहळू कमी करतील.

घरी जाऊन त्यानं सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. पुढच्या आठवड्यात त्याच्या सुनेचा फोन आला. मामांना उठवत नाही, ओकाऱ्या होत आहेत, तापही आहे. घरच्यांनी त्याला नांदेडला नेलं आणि मी मागोमाग एसटीनं गेलो. डॉक्टर सुनेला विचारत होते, आणखी काय घेत होते. ती बीपीची गोळी दाखवत होती. पुड्यांचं मी सांगितलं. डॉक्टरांनी त्याचे हात पाहिले, चेहरा पाहिला. पुडीत स्टेरॉइड असावं, म्हणाले. ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं तयार करणं सोडून देतं. मग एकदम थांबवलं की रक्तदाब कोसळतो. तपासायला पुडी आहे का, विचारलं. चुलीतली राख तेवढी होती.

इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. छातीतही कफ भरला होता. मला त्यानं ओळखलं. "बाई जहाल हाय बोलल्या, म्हणून समद्या चुलीत टाकल्या म्या," म्हणाला. मी त्याचा हात धरून बसलो. तो उठून गेल्यावर बाई पुढं काय बोलल्या, ते त्याला सांगायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला.

बाई माझ्यासोबत तांड्यावर भेटायला आल्या. सुनेपुढं बसून त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. कुठलं वाक्य आधी यायला हवं होतं, तेही सांगितलं. सुनेनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "तुमी वाईट व्हावं म्हणून थोडीच सांगितलं." बाईंनी पदर डोळ्याला लावला.  पुढं कित्येक महिने त्या मंडळात आल्या नाहीत.

पुडीवाला कळमनुरीच्या बाजारात दिसेनासा झाला. उन्हाळ्यात मी डोंगरकडा गावाला गेलो, तिथल्या बाजारात तो त्याच चादरीवर बसलेला. समोर एक म्हातारी पदराची गाठ सोडत होती. मी तिला माझ्या दोस्ताचं झालेलं सांगितलं. पुडी घ्यायला लागून बरेच दिवस झाले असतील तर ती दवाखान्यात दाखवा, म्हणालो.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "दवाखाना लांब हाय, भाऊ," ती म्हणाली. "आन् रातीला गुडघे काय तुमी दाबून देणार?"

पुडीवाल्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. तिनं पुड्या घेतल्या, कनवटीला खोचल्या आणि ताठ पाठीनं चालत गेली.