पोटातले वर्ष

नारिन शहरातल्या शाळेत सायराकानबाई आठवीला गणित शिकवत. अदिनाय शरद ऋतूत चराईच्या डोंगरांवरून आजीबरोबर खाली आली, तेव्हा ती वर्गात मान वर करत नसे. बाईंनी दोन महिने गोंजारून तिला फळ्यापर्यंत आणले होते.

त्या दिवशी बाई व्याजाच्या सरावपत्रिका वर्गातच तपासत होत्या. ठेवीची रक्कम दहा हजार सोम, दर साल दहा टक्के, सप्टेंबर २०२० ते सप्टेंबर २०२२. सरळव्याजासाठी अदिनायने मुदत तीन वर्षे धरली होती. वीस, एकवीस, बावीस, अशी बोटांवर मोजलेली.

"अगं, आजी आईच्या पोटातलं वर्षही धरून वय सांगते, तसं धरलंस होय? बँकेत नाही चालत ते!"

वर्ग हसला. अदिनायही थोडी हसली. खालच्या, त्याच ठेवीच्या चक्रवाढ व्याजाच्या गणितात तिने चार लिहिले होते.

"आणि इथे चार? आता काय, पोटात जुळी आहेत?"

वर्ग बाकांवर लोळला. अदिनाय मात्र हसली नाही. बाईंनी लाल फुली मारून दोन्ही गणिते सुधारून आणायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी तिने पत्रिका आणून ठेवली. आता दोन्हीकडे मुदत दोन वर्षे होती. चक्रवाढीचे उत्तर बारा हजार शंभर, बाईंच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे. पण कागद खोडून खोडून पातळ झाला होता आणि जुने आकडे खालून दिसत होते : पाच टक्के, चार वेळा, १२१५५.०६.

पाच टक्के? बाईंनी प्रश्न पुन्हा वाचला. 'व्याज आकारणी सहामाही.' दोन वर्षांत सहामाह्या चार आणि प्रत्येकीला दर निम्मा. मुलीचे उत्तर अचूक होते. काल चाराच्या शेजारचे पाच त्यांनी पाहिलेच नव्हते. उत्तरपत्रिकाही त्यांनीच वार्षिक आकारणी समजून केली होती.

त्या फळ्याशी गेल्या. "अदिनायचं चार बरोबर होतं. प्रश्नात सहामाही आहे. मी तो नीट वाचला नाही आणि वर तिची चेष्टा केली. चुकलं माझं."

मागच्या बाकावरून एर्मेक म्हणाला, "म्हणजे जुळी तुमच्याकडे होती, बाई!"

"हो रे बाबा, माझ्याकडेच."

सगळे हसले. अदिनाय बाकावरची रेघ नखाने कोरत होती.

"अदिनाय, ये. तूच मांडून दाखव."

"नको बाई, तुम्हीच मांडा." मग अगदी हळू तिने विचारले, "मग वरच्या गणितातलं तीनसुद्धा बरोबरच होतं का?"

तीन चूकच होते आणि तसे सांगणे भाग होते. पण काल त्या जे म्हणाल्या होत्या, त्यातले खरे कुठले आणि खोटे कुठले, हे आता त्या पोरीने कशावरून ओळखायचे?

"नाही गं," त्या कशाबशा म्हणाल्या, "ते चूकच होतं." आणि तिच्याकडे न बघता त्यांनी फळ्यावर दोन सप्टेंबरांमधली वर्षे आखायला घेतली.